एवढं एक प्रकरण वाचून झोपतो

डॅन ब्राउन यांची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी मार्च २००३मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मूळ इंग्रजी पुस्तक साडेचारशे पानांच्या आसपासचं आणि त्यात प्रकरणं १०५. सुरुवातीचा पूर्वरंग आणि शेवटचा उपसंहार वेगळाच. सरासरी काढली तर एका प्रकरणाच्या वाट्याला चार-सव्वाचार पानं येतात, आणि काही प्रकरणं तर त्याहूनही लवकर आटपतात. मराठीतही ती आली आणि भरपूर वाचली गेली. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडून एकच तक्रारवजा कौतुक ऐकू येतं : रात्री सहज हातात घेतली आणि बघता बघता दोन वाजले.

हे दोन कशामुळे वाजतात, ते नीट बघण्यासारखं आहे. कथानक वेगवान आहे एवढं म्हणून भागत नाही. फ्रेडरिक फोर्सिथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७१) हीसुद्धा हातातून न सुटणारी कादंबरी, पण तिच्यात प्रकरणं अवघी २१. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्याची सुपारी घेतलेला एक भाडोत्री मारेकरी खास बंदूक बनवून घेतो, खोटी कागदपत्रं मिळवतो, पॅरिसमधल्या जागा हेरतो, आणि हे सगळं फोर्सिथ सावकाश, बारकाव्यांनिशी सांगतात. द गॉल १९७०मध्ये आपल्या घरी, म्हातारपणी वारले. म्हणजे कट फसणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, तरी वाचक जागचा हलत नाही. तेव्हा उत्कंठा काही लहान प्रकरणांची मक्तेदारी नाही. लहान प्रकरणं जे करतात ते वेगळं आहे. वाचक पुस्तक कुठे मिटतो, ती जागाच ती त्याच्याकडून काढून घेतात.

प्रकरण ही मुळात थांबण्याची सोय होती. अठराव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार हेन्री फील्डिंग यांनी ‘जोसेफ अँड्र्यूज’ (१७४२) या कादंबरीत दोन प्रकरणांमधल्या कोऱ्या जागेला वाटेवरच्या धर्मशाळेची उपमा दिली आहे. प्रवाशाने तिथे टेकावं, काहीतरी घ्यावं, वाचून झालेल्या भागाचा विचार करावा आणि मग पुढे निघावं. त्या काळच्या आणि नंतरच्याही बऱ्याच कादंबऱ्यांत प्रकरण संपतं तेव्हा एक प्रसंग पुरा झालेला असतो. पाहुणे घरी जातात, दिवा मालवला जातो, पत्र लिहून होतं. वाचकही तिथे खूण घालून पुस्तक उशाशी ठेवतो.

एकोणिसाव्या शतकात कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापल्या जाऊ लागल्या आणि ही धर्मशाळा डळमळू लागली. चार्ल्स डिकन्स यांची ‘पिकविक पेपर्स’ १८३६पासून दर महिन्याला एक शिलिंगच्या अंकातून आली. विल्की कॉलिन्स यांची ‘द वुमन इन व्हाइट’ १८५९-६०मध्ये साप्ताहिकातून आली. पुढचा अंक विकत घ्यायला वाचक यायला हवा, तर त्याचा जीव टांगणीला लावूनच अंक संपवला पाहिजे, हे या लेखकांना पक्कं उमगलं होतं. मराठी साप्ताहिकांतल्या ‘क्रमशः’ने हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केलं.

पण हप्त्यांतल्या टांगणीत आणि आजच्या थ्रिलरमधल्या टांगणीत मोठा फरक आहे, आणि माझ्या मते सगळी गोष्ट या फरकातच आहे. हप्त्याच्या वाचकाला पुढचं मिळतच नसे. त्याला आठवडाभर किंवा महिनाभर थांबावं लागे, आणि त्या काळात तो अंदाज बांधे, घरात-कचेरीत वाद घाले, आधीचा अंक काढून पुन्हा वाचे. टांगणीमुळे वाचनाच्या मधल्या काळात कथा त्याच्या डोक्यात मुरत राही. ‘दा विंची कोड’च्या वाचकाच्या अंगठ्याखालीच पुढचं प्रकरण असतं. त्याला थांबायचं काही कारणच उरत नाही, आणि म्हणून तो विचारही करत नाही. युक्ती तीच, पण एकीकडे तिने वाचकाला कथेभोवती घुटमळत ठेवलं आणि दुसरीकडे ती त्याला पळवत नेते.

आता प्रकरण नेमकं तोडतात कुठे, ते पाहू. अमेरिकेत होतकरू लेखकांना शिकवणारे ड्वाइट स्वेन यांनी १९६५मध्ये एक पुस्तक लिहिलं. लोकप्रिय कथालेखनाचं तंत्र शिकणारे आजही ते वाचतात. त्यांच्या मते कथा दोन प्रकारच्या तुकड्यांनी पुढे सरकते. पहिला तुकडा प्रसंगाचा : पात्राला काहीतरी हवं असतं, त्यात अडथळा येतो, आणि शेवटी काहीतरी बिघडतं. दुसरा तुकडा त्याच्या मागोमागचा : पात्राला धक्का बसतो, ते पेचात पडतं, आणि काय करायचं ते ठरवतं. जुन्या पद्धतीच्या प्रकरणात हे दोन्ही तुकडे असत. बिघडलं, माणूस हादरला, रात्रभर तळमळला, सकाळी निर्णय घेतला, प्रकरण संपलं. लहान प्रकरणांचा लेखक बरोबर बिघडण्याच्या क्षणी कात्री चालवतो. हादरणं, तळमळणं, ठरवणं हा दुसरा तुकडा पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला दोन वाक्यांत येतो, किंवा येतच नाही.

एक प्रसंग रचून पाहू. मेघनाचा भाऊ दोन दिवसांपासून बेपत्ता आहे. संध्याकाळी ती जवळच्या किल्लीने त्याचा फ्लॅट उघडते. घरात कोणी नाही, पण ओट्यावरचा चहाचा कप कोमट आहे. तेवढ्यात बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज येतो. ती दिवा बंद करून बेडरूमच्या दाराआड उभी राहते. कुलपात किल्ली फिरते. आत येतो तो तिचा नवरा. तो सरळ भावाच्या कपाटाशी जातो, खिशातून भावाचं घड्याळ काढून खणात ठेवतो आणि निघून जातो. मेघना तशीच उभी राहते. मग रिक्षा करून घरी येते. नवरा नेहमीसारखा टीव्ही बघत बसलेला असतो. ती त्याला काही विचारत नाही.

हे प्रकरण तीन ठिकाणी तोडता येतं. सगळ्यात शेवटी, म्हणजे ती नवऱ्याला काही विचारत नाही इथे तोडलं, तर प्रसंग पुरा होतो. वाचकाला कुतूहल आहे, पण आता श्वासही घेता येतो, आणि अकरा वाजले असतील तर तो दिवा मालवू शकतो. दुसरी जागा आहे कुलपात किल्ली फिरते ती. इथे तोडलं तर वाचक पान उलटणार हे नक्की. पण त्याच्या मनातला प्रश्न एकाच शब्दाने सुटणारा आहे : कोण? पुढच्या पानाच्या पहिल्याच ओळीत ‘नवरा’ असं उत्तर मिळालं की या टांगणीतला सगळा ताण संपतो. तिसरी जागा जरा पुढे आहे, नवरा घड्याळ खणात ठेवतो तिथे. आता ‘कोण’ हे कळलेलं आहे आणि त्या कळण्यानेच मोठा प्रश्न उभा केला आहे. त्याच्याकडे हे घड्याळ आलं कुठून? तो ते परत का ठेवतोय? मेघनाने घरी जायचं की नाही? याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. ते पुढची पाच, दहा, वीस प्रकरणं पुरू शकतं.

मुरलेला लेखक सहसा तिसरी जागा निवडतो. नवखा दुसरी निवडतो, कारण ती जास्त नाट्यमय दिसते. थ्रिलर वाचताना एखाद्या टांगणीची प्रत ओळखायची ही साधी कसोटी आहे : पुढच्या प्रकरणात उत्तर मिळाल्यावर आपल्याला कथेबद्दल काही नवं कळलं, की नुसतं हायसं वाटलं?

लहान प्रकरणांची खरी ताकद मात्र शेवटच्या ओळीत नसून त्या ओळीनंतर लेखक आपल्याला कुठे नेतो यात असते. ‘दा विंची कोड’च्या सुरुवातीच्या भागात याचा चांगला नमुना सापडतो. लूव्र संग्रहालयाचे प्रमुख सोनिएर यांचा तिथेच खून झाला आहे. प्रोफेसर लँग्डनना पोलिसांनी सल्ल्याच्या नावाखाली तिथे बोलावलं आहे. सोफी नवू ही पोलिसांची सांकेतिक लिपीतज्ज्ञ तिथे येते आणि तुमच्यासाठी दूतावासाचा निरोप आहे असं सांगून लँग्डनना एक नंबर देते. लँग्डन फोन लावतात तर पलीकडे दूतावास नसतोच. ध्वनिमुद्रित निरोप सोफीच्याच आवाजात असतो. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, तुम्ही धोक्यात आहात, असं ती त्यांना बजावते. नववं प्रकरण इथे संपतं.

दहावं प्रकरण लँग्डनकडे जातच नाही. ते सायलसकडे जातं. खून करणारा हा माणूस त्या वेळी शहराच्या दुसऱ्या भागात, सां-सुल्पिस चर्चसमोर काळ्या गाडीत बसलेला आहे, आणि ब्राउन त्याचं भूतकाळातलं आयुष्य सांगू लागतात. लँग्डनचं काय झालं हे जाणून घ्यायला आतुर असलेला वाचक सायलसची कहाणी वाचतो, आणि एरवी कदाचित कंटाळून सोडून दिली असती अशी माहितीही बिनतक्रार वाचतो. ती संपेपर्यंत सायलसचं पुढे काय होणार ही दुसरी उत्सुकता लागते, आणि तेवढ्यात लेखक पुन्हा लूव्रमध्ये आणून सोडतो. दोन धागे आळीपाळीने सोडायचे आणि उचलायचे, म्हणजे एक तरी धागा कायम ताणलेला राहतो. प्रकरणं वीस-वीस पानांची असती तर हे जमलं नसतं. वीस पानं सायलसबरोबर राहिल्यावर लँग्डनच्या फोनची निकड विरून गेली असती.

या आळीपाळीने आणखी एक गोष्ट साधते. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रांस्वा त्रुफोंना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत एक उदाहरण दिलं होतं. टेबलाखाली बाँब आहे हे कुणालाच माहीत नसताना तो फुटला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का मिळतो. बाँब आहे हे प्रेक्षकाला माहीत आहे, पण टेबलाशी गप्पा मारत बसलेल्यांना नाही, तर पंधरा मिनिटांचा ताण मिळतो. लहान प्रकरणांमुळे लेखक एका प्रकरणात बाँब दाखवतो आणि पुढच्या प्रकरणात आपल्याला त्या गप्पा मारणाऱ्यांजवळ नेऊन बसवतो. मेघनाच्या गोष्टीत घड्याळ खणात पडल्यावर पुढचं प्रकरण पोलीस चौकीत सुरू केलं, तिथे तोच नवरा फौजदारांना अगदी मनापासून मदत करताना दाखवला, तर त्या चौकीतलं साधं बोलणंही वाचक जीव मुठीत धरून वाचेल. तिथे प्रकरणाच्या शेवटी कुणी किंचाळायची गरज नाही.

आता वेगाबद्दल. अशी पुस्तकं वेगवान असतात असं आपण म्हणतो, पण कथेतलं घड्याळ बघितलं तर काय दिसतं? ‘दा विंची कोड’चा पूर्वरंग रात्री १० वाजून ४६ मिनिटांनी सुरू होतो. लँग्डन आणि सोफी लूव्रमधून निसटतात तोवर जवळजवळ तीस प्रकरणं उलटलेली असतात, आणि कथेत मात्र एकाच रात्रीचे थोडे तास गेलेले असतात. म्हणजे कथा खरं तर संथ चाललेली असते. एकाच इमारतीत, मोजक्या माणसांमध्ये, बरंचसं बोलण्यातून आणि चित्रांचा-आकड्यांचा अर्थ लावण्यातून. वेग असतो तो वाचकाच्या हाताला. दर चार-पाच पानांनी एक अर्धं कोरं पान येतं, नवा आकडा येतो. एका बैठकीत आपण पन्नास पानं वाचली यापेक्षा बारा प्रकरणं वाचली हे जास्त वाटतं. जाड पुस्तकाची धास्ती वाटणाऱ्या वाचकाला या आकड्यांचा मोठाच धीर येतो.

ही पद्धत ज्यांनी सगळ्यात जास्त राबवली ते जेम्स पॅटरसन मूळचे जाहिरात क्षेत्रातले. जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत ते वरच्या पदापर्यंत पोहोचले होते. १९९३च्या ‘अलाँग केम अ स्पायडर’पासून त्यांची अ‍ॅलेक्स क्रॉस मालिका सुरू झाली, आणि पुढे दोन-तीन पानी प्रकरणं ही त्यांची ओळखच बनली. वर्णन कमी, संवाद जास्त, परिच्छेद आखूड. २०१६मध्ये त्यांनी दीडशे पानांच्या आतल्या स्वस्त कादंबऱ्यांची मालिका काढली, ती एका बैठकीत वाचून व्हावी म्हणून. जे वाचक पुस्तकांपासून दुरावले आहेत त्यांना परत आणायचं हा त्यांचा उघड हेतू होता. मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटणार नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझार आणि काळा पहाडच्या छोटेखानी रहस्यकथा वाचनालयातून आणून एका दमात संपवणारी पिढी आपल्याकडे होऊन गेली. तिथे पुस्तकच एवढुसं होतं. पॅटरसन आणि ब्राउन यांनी जाडजूड पुस्तकाच्या आत एकशे-एक एवढुशी पुस्तकं बसवली.

याचा वाचकाच्या सवयीवर परिणाम होतो तो असा. चार-सव्वाचार पानं म्हणजे साधारण पाच-सहा मिनिटांचं वाचन. इतकी फट कुणालाही मिळते : लोकलमधल्या दोन-तीन स्टेशनांत, कुकरच्या शिट्टीची वाट बघताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. पुस्तक उघडायला आता निवांत दुपार लागत नाही. रात्री मात्र हाच हिशेब उलटा फिरतो. पुढचं प्रकरण वीस पानांचं असेल तर माणूस घड्याळाकडे बघून उद्यावर टाकतो. चार पानांचं असेल तर नाही म्हणायला कारणच सापडत नाही. एवढं एक वाचून झोपतो, असं म्हणून तो वाचतो, शेवटी पुन्हा अडकतो, आणि पुढचंही चारच पानांचं असतं. वाचक रात्रभर जागायचं कधीच ठरवत नाही. पाच-पाच मिनिटं जागायचं तो वीस वेळा ठरवतो. किंडलवर तर हे प्रकरण संपायला किती मिनिटं उरली ते पडद्याच्या तळाशी दिसण्याची सोय आहे. तिथे ‘४ मिनिटं’ दिसल्यावर यंत्र बंद करणं फारच कठीण.

अर्धवट राहिलेल्या गोष्टी मनाला का ओढतात, यावर १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये दोन प्रयोग झाले. दोघी कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या विद्यार्थिनी. ब्लूमा झायगार्निक यांना १९२७मध्ये असं आढळलं की लोकांना पुरी केलेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामं जास्त लक्षात राहतात. मारिया ओव्हसियांकिना यांना पुढच्या वर्षी आढळलं की मध्येच तोडलेलं काम संधी मिळताच लोक आपणहून पुन्हा हाती घेतात, कुणी सांगावं लागत नाही. थ्रिलरबद्दल लिहिणारे नेहमी झायगार्निक यांचा दाखला देतात. पण नंतरच्या संशोधकांना तो स्मरणाचा परिणाम दर वेळी मिळाला नाही. पुन्हा हाती घेण्याची ओढ मात्र बरीच टिकून राहिलेली दिसते. थ्रिलरच्या वाचकाचा अनुभव याच्याशी चांगला जुळतो. टांगणी त्याला पुस्तकाकडे परत खेचते. पण वाचलेलं त्याच्या लक्षात राहीलच याची ती हमी देत नाही. एखादं असं पुस्तक रात्री दोनपर्यंत वाचलं आणि महिन्याभराने खुनी कोण होता ते आठवेना, हा अनुभव कितीतरी जणांचा असेल. धर्मशाळेत टेकून मागच्या भागाचा विचार करण्याची जी संधी फील्डिंग देत होते, ती इथे मिळालेलीच नसते.

वाचायची पद्धतही नकळत बदलते. सलग अशी पाच-सहा पुस्तकं वाचली की डोळे प्रकरणाच्या शेवटच्या ओळीकडे आधी धावू लागतात. मधलं वर्णन नजरेखालून नुसतं जातं. शेवटी काहीतरी होणार हे ठाऊक असल्यामुळे मधल्या पानांत काही होणार नाही असंही वाचक गृहीत धरतो. रहस्यकथेसाठी ही सवय फार महागात पडते, कारण प्रामाणिक रहस्यकथेत धागेदोरे त्या मधल्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या वाक्यांतच पेरलेले असतात. ओट्यावरचा कोमट कप ज्याने नजरेआड केला, त्याला पुढे नवरा तिथे त्या दिवशी दुसऱ्यांदा आला होता हे कळल्यावर आनंद व्हायच्या ऐवजी फसवल्यासारखं वाटेल.

फसवणुकीचा मुद्दा गंभीर आहे. स्टीफन किंग यांच्या ‘मिझरी’ (१९८७) या कादंबरीत अ‍ॅनी विल्क्स नावाची वाचकवेडी बाई एका लेखकाला डांबून ठेवते आणि आपल्या आवडत्या नायिकेची कथा लिहायला लावते. लहानपणी बघितलेल्या साप्ताहिक चित्रमालिकेबद्दल ती त्याला संतापून सांगते. एका आठवड्यात नायक गाडीसकट कड्यावरून खाली जाताना दाखवला, आणि पुढच्या आठवड्यात तो आधीच गाडीतून बाहेर पडला होता असं दाखवलं. बाकी मुलं खूश होती, हिचा मात्र तिळपापड झाला, कारण गेल्या आठवड्यात तो बाहेर पडलेला नव्हता. अ‍ॅनी भयंकर बाई आहे, पण या बाबतीत तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. प्रकरणाच्या शेवटी जे दाखवलं ते पुढच्या प्रकरणात पुसायचं नाही, हा या लेखनातला किमान करार आहे. दार धडाधड वाजलं, उघडलं तर शेजारच्या काकू विरजण मागायला, असं एकदा केलं तर वाचक हसतो. दुसऱ्यांदा केलं की तो त्या लेखकाच्या कुठल्याच दारावर विश्वास ठेवत नाही, आणि मग खरा मारेकरी दार वाजवतो तेव्हाही त्याला काकूच दिसतात.

याहून खोल नुकसान पात्रांचं होतं. स्वेन यांचा दुसरा तुकडा, हादरण्याचा आणि ठरवण्याचा, सतत कापला गेला तर पात्राला आतून घडायला जागाच उरत नाही. आपल्या नवऱ्याच्या हातात बेपत्ता भावाचं घड्याळ बघणाऱ्या बाईच्या मनात काय उलथापालथ होत असेल, याला किमान एक सबंध रात्र हवी. ती तिला दिली नाही आणि पुढच्या प्रकरणात ती थेट पाठलाग करत निघाली, तर ती मेघना राहत नाही, कथानक पुढे ढकलणारं एक माणूस उरतं. बऱ्याच खपाऊ थ्रिलरमधल्या नायक-नायिकांची नावं पुस्तक मिटल्यावर आठवत नाहीत याचं कारण मला हेच वाटतं. फोर्सिथ यांचा जॅकल इतका लक्षात राहतो, त्याचं खरं नावसुद्धा कळत नसताना, ते त्याच्याबरोबर पानंच्या पानं काढल्यामुळे.

प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीलाही एक खर्च असतो, तो सहसा कुणी मोजत नाही. धागा बदलला की आपण कुठे आहोत, कोणाबरोबर आहोत, मागच्या वेळेपासून किती वेळ गेला, हे पहिल्या दोन-तीन ओळींत सांगावं लागतं. शंभर प्रकरणं म्हणजे ही उजळणी शंभर वेळा. चांगला लेखक ती एखाद्या वस्तूने करतो. चौकीतला पंखा किंवा सां-सुल्पिससमोरची काळी गाडी दिसली की वाचक जागेवर येतो. कच्चा लेखक मागचं सगळं पुन्हा सांगतो. चार धागे असतील आणि प्रत्येक प्रकरण दीड पानाचं असेल, तर अशी वेळ येते की वाचक निम्मा वेळ ठिकाण ओळखण्यातच घालवतो. त्यापलीकडे प्रकरण लहान करण्यात काही हशील नाही.

‘दा विंची कोड’ बद्दल टीकाकारांनी खूप कठोर लिहिलं आहे, भाषेवरून आणि इतिहासावरूनही. त्यातलं बरंचसं मला पटतं. पण त्या पुस्तकाचं एक कसब मान्य केलंच पाहिजे. कथेच्या मध्यावर लँग्डन आणि सोफी पॅरिसबाहेर ली टीबिंग यांच्या हवेलीत पोहोचतात, आणि तिथे होली ग्रेल म्हणजे काय यावर टीबिंग अक्षरशः व्याख्यान देतात. लिओनार्दोचं चित्र, आरंभीचा ख्रिस्ती धर्म, चर्चने काय दडवलं असा त्यांचा दावा, असं पानोपान. सलग एका प्रकरणात हे आलं असतं तर निम्म्या वाचकांनी जांभया दिल्या असत्या. ब्राउन यांनी ते अनेक लहान प्रकरणांत चिरलं, आणि मधूनमधून हवेलीबाहेर चाललेल्या हालचाली दाखवल्या. पोलीस जवळ येत आहेत, सायलसही मागावर आहे, हे वाचकाला माहीत आहे, टीबिंगना ऐकत बसलेल्या दोघांना नाही. हिचकॉकचा बाँब टेबलाखाली ठेवून त्यांनी लाखो वाचकांना इतिहासाचा तास ऐकवला. त्या तासातला इतिहास तपासून घ्यायला हवा, ही गोष्ट वेगळी. पण पान उलटण्याच्या घाईत वाचक तो तपासत नाही, आणि कादंबरीतले दावे खरे मानणारे इतके लोक निघाले त्यामागे या घाईचाही हात असावा असं मला वाटतं.

ज्यांना असं लिहायचं आहे, किंवा आवडत्या लेखकाचं पुस्तक पारखून बघायचं आहे, त्यांच्यासाठी एक काम सांगतो. प्रत्येक प्रकरणाचा शेवट एकेका ओळीत कागदावर उतरवून काढा, आणि त्यापुढे लिहा की तो कुठल्या प्रकारचा आहे : एका शब्दात सुटणारा प्रश्न, अर्थ बदलून टाकणारी माहिती, पात्राने घेतलेला निर्णय, समोर उभं ठाकलेलं संकट, की शांत शेवट. पहिल्या प्रकारचे चार-पाच ओळीने आले की तिथे वाचक बधिर होतो. आणि पूर्ण यादीत शांत शेवट एकही नसेल, तर पुस्तकाच्या मध्याच्या जरा पुढची, सगळ्यात मोठ्या आघातानंतरची जागा शोधावी आणि तिथलं प्रकरण दहा-बारा पानांचं होऊ द्यावं. मेघना आणि तिचा नवरा रात्री जेवायला बसतात, तो भावाबद्दल काळजीने बोलतो, ती वाढत राहते, नंतर ओटा आवरते. तोवर घड्याळाची गोष्ट वाचकाला माहीत झालेली आहे, त्यामुळे या प्रकरणाच्या शेवटी काहीही घडवावं लागत नाही.